गेममधली सावली कशी पडते?

भर उन्हात झेंड्याच्या खांबाची सावली नीट पाहिली, तर तिची कड सगळीकडे सारखी नसते. बुंध्याशी ती रेखीव असते आणि टोकाकडे जाता जाता धूसर होते. याचं कारण सूर्य. तो आपल्याला बिंदूसारखा नाही, तर साधारण अर्ध्या अंशाच्या चकतीसारखा दिसतो. सावलीच्या कडेवरून या चकतीचा थोडा भाग झाकलेला आणि थोडा उघडा असतो. अडथळा किरणाच्या वाटेवर १० मीटर दूर असेल, तर ही धूसर पट्टी सुमारे ९ सेंटीमीटर रुंद होते. हीच सावली व्हिडिओ गेममध्ये आणायच्या दोन पद्धती आहेत.

पहिली रास्टरायझेशन. गेममधलं दृश्य लाखो त्रिकोणांचं बनलेलं असतं. ग्राफिक्स कार्ड प्रत्येक त्रिकोण पडद्यावर कुठे येतो ते काढतं, त्याखालचे पिक्सेल रंगवतं आणि एकावर एक आलेल्यांपैकी सर्वांत जवळचा ठेवतं. प्रत्येक त्रिकोणाचा हिशेब वेगळा असल्यामुळे हे काम फार वेगात होतं. पण जमीन रंगवताना शेजारी खांब उभा आहे, याचा कार्डाला पत्ताच नसतो. मग सावली येणार कुठून?

यावरची युक्ती लान्स विल्यम्स यांनी १९७८ मध्ये मांडली. आधी तेच दृश्य दिव्याच्या जागेवरून काढायचं, पण रंगांऐवजी फक्त अंतरं नोंदवायची. हा झाला शॅडो मॅप. नंतर खेळाडूच्या नजरेतून चित्र काढताना प्रत्येक बिंदूचं दिव्यापासूनचं अंतर या नोंदीशी ताडून पाहायचं. ते नोंदीपेक्षा जास्त भरलं, तर मध्ये काहीतरी आहे, म्हणजे तिथे सावली.

अडचण नोंदीच्या चौकटींची आहे. समजा १०० मीटर लांबरुंद मैदानावर २०४८ बाय २०४८ चौकटींचा मॅप पसरला. एक चौकट जवळपास ५ सेंटीमीटरची झाली. त्याहून बारीक फांदीची सावली तुटक येते आणि खांबाच्या सावलीला पायऱ्या पडतात. शिवाय अख्ख्या चौकटीला अंतर एकच असल्यामुळे तिरक्या उजेडात जमीन स्वतःचीच सावली स्वतःवर पाडते आणि काळे पट्टे उमटतात. ते घालवायला तुलनेत थोडी सूट द्यावी लागते. सूट जास्त झाली, की सावली पायांपासून सुटून वेगळी पडते आणि पात्र तरंगल्यासारखं दिसतं.

रे ट्रेसिंगमध्ये ही नोंदवही लागतच नाही. जमिनीवरच्या बिंदूपासून थेट दिव्याकडे एक किरण सोडायचा. वाटेत एखादा त्रिकोण आडवा आला तर सावली, नाहीतर उजेड. आर्थर अ‍ॅपेल यांनी ही कल्पना १९६८ मध्येच मांडली होती. किरण दर वेळी सूर्याच्या चकतीवरच्या वेगळ्या बिंदूकडे सोडला, की खांबाच्या टोकाकडची धूसर कड आपोआप मिळते.

मात्र हिशेब मोठा आहे. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २१ लाख पिक्सेल असतात. सेकंदाला ६० चित्रं आणि पिक्सेलमागे एक किरण धरला, तरी एका दिव्यासाठी सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी किरण होतात. प्रत्येक किरण लाखो त्रिकोणांशी ताडून पाहणं अशक्यच. म्हणून त्रिकोण पेट्यांमध्ये आणि त्या पेट्या आणखी मोठ्या पेट्यांमध्ये बसवलेल्या असतात. पत्ता शोधताना जिल्हा चुकीचा निघाला, तर त्यातली गावं कुणी पाहत नाही. तसंच मोठ्या पेटीला किरण लागला नाही, की तिच्या आतलं सगळं वगळलं जातं. २०१८ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स कार्डांवर या शोधासाठी स्वतंत्र सर्किट दिली, तेव्हा हे गेमच्या वेगात जमू लागलं.

तरीही पिक्सेलमागे एक-दोन किरणच परवडतात. त्यामुळे धूसर कडेवर दाणे दिसतात. ते शेजारचे पिक्सेल आणि आधीची चित्रं यांची सरासरी घेऊन पुसावे लागतात. वस्तू झपकन हलली आणि तिच्या सावलीमागे पुसट शेपूट राहिली, तर दोष या सरासरीचा असतो.

फरक खरा उघड होतो तो लहान दिव्यांपाशी. ‘शॅडो ऑफ द टूम रेडर’मध्ये २०१९ साली रे ट्रेसिंगच्या सावल्या आल्या. त्यातल्या मेक्सिकोच्या उत्सवात मेणबत्त्या आहेत, मुलांच्या हातात फुलबाज्या आहेत. फुलबाजीचा उजेड सगळीकडे जातो, म्हणून मॅपच्या पद्धतीत सहसा तिच्या सहा दिशांचे सहा मॅप लागतात आणि ती हलली की ते पुन्हा काढावे लागतात. किरणाला फक्त फुलबाजीची जागा कळली की पुरे.

रे ट्रेसिंग असलेल्या बहुतेक गेममध्ये दोन्ही पद्धती एकत्र नांदतात. दृश्य रास्टरायझेशनने काढायचं आणि सावल्या वा प्रतिबिंबांपुरते किरण सोडायचे. तेव्हा कार्ड बेताचं असेल आणि गेम उघड्या मैदानातला असेल, तर सावल्यांचं रे ट्रेसिंग खुशाल बंद ठेवा आणि शॅडो मॅपचा दर्जा वाढवा. दिव्यांनी भरलेल्या रात्रीच्या गल्ल्या असतील, तर मात्र थोडा वेग सोडून ते चालू ठेवावं.