रेषा, धार आणि फुगीर काच

सेगाच्या मेगा ड्राइव्हवर १९९१ साली आलेल्या ‘सॉनिक द हेजहॉग’मध्ये पहिल्याच टप्प्यात धबधबे लागतात. हा खेळ आज एम्युलेटरमधून सपाट एलईडी टीव्हीवर लावला, की त्या धबधब्याची जाळी होते. एक उभी पट्टी पाण्याची, तिच्या शेजारची मागच्या डोंगराची, मग पुन्हा पाण्याची. मेगा ड्राइव्हला अर्धपारदर्शक रंग दाखवता येत नसत, म्हणून चित्रकारांनी एकाआड एक पट्टी रंगवली. त्या काळची एकपदरी व्हिडिओ केबल आणि पिक्चर ट्यूब मिळून शेजारशेजारचे रंग एकमेकांत मिसळत आणि त्या जाळीतून पाणी दिसू लागे. चित्र अर्धे यंत्रात तयार होई आणि अर्धे टीव्हीत. एम्युलेटर फक्त यंत्राची नक्कल करतो. टीव्हीची नक्कल करण्याचे काम स्कॅनलाइन फिल्टरला, म्हणजे शेडरला, करावे लागते.

स्कॅनलाइन म्हणजे चित्रावर ओढलेली काळी रेघ, असा समज आहे. तो घेऊनच काही साधे फिल्टर चित्रावर काळ्या रेघांचा कागद पसरतात आणि सगळा पडदा अंधारा करून टाकतात. खऱ्या ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत आडव्या रेषा उजळत जातो. नेहमीच्या प्रसारणात एका फेरीत सम आणि पुढच्या फेरीत विषम रेषा भरल्या जात. जुनी खेळयंत्रे मात्र दर फेरीला त्याच जागी रेषा काढत, त्यामुळे मधल्या जागा रिकाम्या राहत. म्हणजे स्कॅनलाइन ही दोन उजळ रेषांमधली फट आहे. रेषेचा उजेड कडेला हळूहळू मावळतो आणि फट किती गडद दिसेल, ते त्या मावळण्यावर ठरते.

हे गणित समजून घ्यायला ‘क्रट-लॉट्स’ हा शेडर सोयीचा आहे. तो टिमथी लॉट्स या ग्राफिक्स प्रोग्रामरने लिहून सर्वांसाठी खुला केला. रेट्रोआर्चमध्ये खेळ चालू असताना Quick Menu मधल्या Shaders मध्ये जाऊन crt-lottes.slangp उघडावा. Shader Parameters मध्ये त्याच्या किल्ल्या दिसतात. आपल्याला सहाच लागतील.

पण त्याआधी मोजमाप नीट हवे. सॉनिकच्या चित्रात २२४ आडव्या रेषा आहेत आणि फुल एचडी पडद्यावर १०८० पिक्सेल-ओळी. भागाकार येतो ४.८२. मग काही रेषांना पाच ओळी मिळतात, काहींना चार, आणि पडदाभर जाड-बारीक पट्ट्यांच्या लाटा उठतात. Settings, Video, Scaling या वाटेने जाऊन Integer Scale चालू केले, की प्रत्येक रेषेला बरोबर चार ओळी मिळतात. चित्र ८९६ ओळींचे होते आणि वर-खाली ९२-९२ ओळी काळ्या राहतात. त्या काळ्या राहू द्याव्यात. पाहणी करायला एकसारखा मोठा रंग उत्तम, म्हणून सॉनिकचे निळे आकाश समोर ठेवावे. पट्ट्या सारख्या असतील तर पुढे जायला हरकत नाही.

पहिली किल्ली hardScan. तिचा मूळ आकडा उणे ८ आहे. या आकड्याला दोन रेषांच्या नेमक्या मध्ये प्रत्येक रेषेचा पाव उजेड पोहोचतो. दोन्हींचा मिळून अर्धा होतो आणि फट स्पष्ट दिसते, पण काळी होत नाही. उणे ४ केले तर मधल्या जागेत दोन्ही रेषांचे अर्धे-अर्धे मिळून पूर्ण उजेड भरतो आणि स्कॅनलाइन जवळपास नाहीशा होतात. उणे १६ ला फटीत फक्त आठवा हिस्सा उरतो. देखणे दिसते खरे, पण पडद्याचा एकूण उजेड पाऊण पटीवरून निम्म्यावर येतो. म्हणून hardScan खाली नेला, की brightBoost थोडा वाढवावा लागतो. तो किती वाढवायचा, हे ढग सांगतात. ढगांच्या पांढऱ्या भागातल्या छटा एकजीव झाल्या, की आपण जास्त वाढवला आहे.

आता धबधबा. hardPix ही आडव्या दिशेची धार आहे. मूळ आकडा उणे ३ ठेवला, तर प्रत्येक पट्टीत तिचा स्वतःचा रंग सुमारे ऐंशी टक्के आणि शेजाऱ्यांचा वीस टक्के राहतो. जाळी मऊ होते, पण दिसतेच. उणे ८ ला शेजाऱ्याचा रंग एक टक्काही येत नाही, पट्ट्या सुरीने कापल्यासारख्या होतात. उणे १ ला मात्र प्रमाण जवळजवळ निम्मे-निम्मे होते आणि पट्ट्यांतून पाणी वाहू लागते. याची किंमत अक्षरांना मोजावी लागते. वरच्या कोपऱ्यातले गुण आणि वेळ यांचे आकडे धूसर होतात. उणे २ ही सॉनिकसाठी बरी तडजोड आहे. धबधब्यातल्या पट्ट्या पुसट होतात आणि आकडे वाचता येतात. जिथे पानभर संवाद वाचायचे असतात अशा खेळात उणे ४ बरा.

शेवटी वक्रता. ट्यूबची काच फुगीर असे. शेडर तो फुगवटा warpX आणि warpY या दोन किल्ल्यांनी आणतो. मूळ आकडे ०.०३१ आणि ०.०४१ दिसायला क्षुल्लक आहेत, पण कोपरा मध्यापासून ११२ रेषा दूर असतो. त्याचे चार टक्के म्हणजे साडेचार रेषा, तेवढा कोपरा आत ओढला जातो. यातच खरी अडचण आहे. पडद्याच्या मध्यावर एका रेषेला चार ओळी असतात, तर डाव्या-उजव्या कडेला त्या ३.८४ च्या आसपास होतात. आधी जपलेला पूर्णांक तिथे मोडतो आणि आकाशात कमानीच्या आकाराचे फिकट-गडद पट्टे उमटतात. ते दिसले तर दोन उपाय आहेत. hardScan उणे ६ वर आणून फट मऊ करावी किंवा वक्रता सोडून द्यावी. फोर-के पडद्यावर एका रेषेला नऊ ओळी मिळत असल्याने हा दोष बराच झाकला जातो.

कोणत्या टीव्हीची नक्कल करायची, हेही वक्रतेतच ठरते. सोनीच्या ट्रिनिट्रॉनची काच आडवी वाकलेली, पण उभी सरळ असे. त्यासाठी warpX शून्य करून warpY तेवढा ठेवावा. त्या ट्यूबच्या आत उभ्या तारांची जाळी असे, म्हणून shadowMask २ वर न्यावा.

फुल एचडी पडद्यावर सॉनिकसाठी मी असे आकडे ठेवतो:

```
hardScan = "-8.0"
hardPix = "-2.0"
warpX = "0.0"
warpY = "0.0"
brightBoost = "1.2"
```

या शेडरची एक मर्यादा मात्र आकड्यांनी भरून निघत नाही. खऱ्या ट्यूबमध्ये उजळ रेषा जाड होई आणि अंधारी बारीक राही, त्यामुळे पांढऱ्या ढगात फटी बुजत आणि काळोखात रुंद दिसत. क्रट-लॉट्समध्ये रेषेची जाडी उजेडानुसार बदलत नाही. ते हवे असेल तर ‘क्रट-जिओम’ किंवा ‘क्रट-रॉयल’ वापरावा. रॉयलला तगडे ग्राफिक्स कार्ड लागते. साध्या मोबाइलवर त्याने खेळ अडखळू लागला, तर शेडर बदलावा, आकड्यांशी झटापट करू नये.

आणि हे सगळे पाहायचे ते खेळताना, पडद्यावर. चित्राचा फोटो काढून फोनवर लहान करून पाहिला, की नसलेल्या लाटा दिसतात. बारीक रेषा लहान होताना एकमेकींत गुंततात, एवढेच त्याचे कारण आहे. जुळलेले आकडे Save Game Preset ने त्या खेळापुरते साठवावेत, कारण धबधब्याला जमलेला मऊपणा दुसऱ्या खेळातल्या बारीक अक्षरांना जमेलच असे नाही.