माणसं न काढता खर्च कापताना

येल विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ ट्रूमन ब्यूली यांना एक साधा प्रश्न पडला होता. मंदीत काम कमी होतं, मग कंपन्या सगळ्यांचे पगार थोडे कमी करून माणसं का सांभाळत नाहीत? 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या ईशान्य भागात मंदी असताना ते तीनशेहून अधिक लोकांना भेटले. त्यांत मुख्यतः व्यवस्थापक होते, कामगार पुढारीही होते. व्यवस्थापकांच्या उत्तराचा गाभा असा होता: काढलेला माणूस आपली नाराजी घेऊन फाटकाबाहेर जातो, तर पगार कापलेला माणूस ती नाराजी घेऊन रोज सकाळी कामावर येतो.

या उत्तरात तथ्य आहे. बजेट गोठलं, म्हणजे नवी भरती, पगारवाढ, प्रवास, खरेदी सगळं थांबलं, की विभागप्रमुखापुढे हाच पेच उभा राहतो. नोकरकपात टाळायची तर टंचाईचा भार उरलेल्या सगळ्यांवर पडणार, आणि तो उचलणारी माणसं रोज समोर बसणार. तरीही माणसं सांभाळता येतात. मात्र पैसा कुठून काढायचा आणि ते लोकांना कसं सांगायचं, ही दोन्ही कामं नीट करावी लागतात. दुसऱ्या कामाकडे बहुतेक ठिकाणी दुर्लक्ष होतं, म्हणून आधी त्याबद्दल.

जेराल्ड ग्रीनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1990 मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास टीम चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावा असं मला वाटतं. विमान आणि मोटार उद्योगासाठी छोटे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीची दोन मोठी कंत्राटं गेली. माणसं काढायला नकोत म्हणून दोन कारखान्यांत दहा आठवडे 15 टक्के पगारकपात करायचं ठरलं. तिसऱ्या कारखान्यात कपात नव्हती, त्यामुळे तुलना करता आली.

पहिल्या कारखान्यात कंपनीचे अध्यक्ष स्वतः आले. सभा सुमारे दीड तास चालली. किती पैसा येतो आणि किती जातो, हे त्यांनी आलेख दाखवून समजावलं. कपात सगळ्यांना लागू आहे, ती दहा आठवड्यांनी संपेल आणि ती करावी लागतेय याचं वाईट वाटतं, असं त्यांनी सांगितलं. मग बराच वेळ प्रश्नांना उत्तरं दिली. दुसऱ्या कारखान्यात एका उपाध्यक्षांनी पंधरा मिनिटांत तोच निर्णय जाहीर केला आणि एक-दोन प्रश्न घेऊन, पुढच्या बैठकीसाठी विमान गाठायचंय म्हणून ते निघून गेले. रक्कम तीच होती, मुदतही तीच.

ग्रीनबर्ग यांनी साठ्यातून गायब होणाऱ्या मालावरून चोरी मोजली. कपातीच्या काळात ती दोन्ही कारखान्यांत वाढली. पण नीट समजावलं होतं तिथे थोडीच, आणि घाईत उरकलं होतं तिथे खूप जास्त. पगार पूर्ववत झाल्यावर ती पुन्हा खाली आली. घाईच्या कारखान्यात या काळात जवळजवळ चारातल्या एकाने नोकरी सोडली, तर समजावलेल्या कारखान्यात जवळपास कुणीच गेलं नाही. ब्यूलींना भेटलेल्या व्यवस्थापकांची भीती खरी ठरली, पण एकाच ठिकाणी. नाराजी कपातीमुळे जेवढी आली, त्याहून जास्त ती सांगण्याच्या पद्धतीमुळे आली.

आता पैशाकडे येऊ. एक काल्पनिक पण ओळखीचं उदाहरण घेऊ. चाकणमधल्या एका यंत्रनिर्मिती कंपनीचा वीस जणांचा डिझाइन आणि सर्व्हिस विभाग. महिन्याचा खर्च वीस लाख. त्यात चौदा लाख पगार आणि सहा लाख बाकीचं. वरून आदेश येतो की पुढच्या सहा महिन्यांत दहा टक्के वाचवा. म्हणजे बारा लाख.

पहिला मोह चहा-बिस्किटं बंद करण्याचा असतो. वीस माणसं, रोज दोन कप, कपाला दहा रुपये आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दहा हजार रुपये होतात. म्हणजे खर्चाच्या अर्धा टक्का. वाचणारी रक्कम नगण्य, पण तो निर्णय प्रत्येकाला रोज दोनदा टोचतो. चहाला हात लावू नये.

खरा पैसा तीन ठिकाणी आहे. प्रवासावर महिन्याला 1,80,000 जातात. यंत्र बसवायला ग्राहकाकडे जावंच लागतं, पण आढावा बैठकांसाठीचे दौरे फोनवर आणता येतात. त्यात सत्तर हजार सुटतात, सहा महिन्यांत 4,20,000. ड्रॉइंगची काही कामं बाहेर दिली जातात. ऑर्डर कमी झाल्याने घरच्या माणसांकडे वेळ आहे, तर साठ हजारांचं काम परत आत घेता येतं. पण बाहेरच्या फर्मला महिनाभराची नोटीस द्यायची आहे, म्हणून बचत पाचच महिने: तीन लाख. सॉफ्टवेअरच्या काही परवान्यांना महिनोन्महिने कुणी हात लावलेला नाही. ते सोडले तर महिन्याला तीस हजार वाचतील, पण नूतनीकरण चौथ्या महिन्यात आहे, म्हणून तीनच महिन्यांचे नव्वद हजार.

बहुतेक हिशोब इथे चुकतात. कागदावर बचत आजपासून धरली जाते, पण पैसा नोटीस संपल्यावर किंवा करार सरल्यावरच वाचायला लागतो. मग चौथ्या महिन्यात खड्डा दिसतो, घाबरून दुसरी कपात होते, आणि पहिल्या वेळी दिलेला शब्द मोडतो. टीमला एकच मोठी कपात सोसते. दर महिन्याला येणारी छोटी कपात सोसत नाही, कारण पुढची कधी येईल या विचारात माणूस कामात लक्ष घालत नाही.

तिन्ही मिळून 8,10,000 झाले. उरले 3,90,000, आणि ते पगारातूनच यायचे आहेत. सगळ्यांचे सरसकट साडेचार-पाच टक्के कापणं सोपं आणि वरवर न्याय्यही दिसतं. पण पस्तीस हजारांत घरभाडं, शाळेची फी आणि मोटारसायकलचा हप्ता भागवणाऱ्याचे सोळाशे रुपये, आणि दीड लाख पगारवाल्याचे सात हजार, यांत मला समानता दिसत नाही.

आपल्या विभागात दीड लाखाचे चार जण, पासष्ट हजारांचे आठ आणि पस्तीस हजारांचे आठ आहेत. खालच्या आठ जणांना हात लावायचा नाही. मधल्या आठ जणांनी महिन्यातून एक दिवस बिनपगारी रजा घ्यायची आणि वरच्या चौघांनी अडीच दिवस. महिन्याचे तीस दिवस धरले तर मधल्यांचे प्रत्येकी सुमारे 2,170 आणि वरच्यांचे प्रत्येकी 12,500 रुपये जातात. सहा महिन्यांत साधारण चार लाख जमतात. खड्डा भरतो.

पगार कापण्याऐवजी रजा का, तर त्या बदल्यात माणसाला काहीतरी हातात मिळतं: दिवस. पण तो दिवस खरोखर सुटीचा हवा. रजेच्या दिवशी फोन आला, मेलला उत्तर मागितलं, तर ती रजेचं नाव दिलेली पगारकपात होते, आणि हे लोकांच्या पहिल्याच महिन्यात लक्षात येतं. म्हणून विभागप्रमुखाने आधी कामांची यादी छाटली पाहिजे: कोणता अहवाल आता निघणार नाही, कोणती बैठक रद्द, कोणत्या ग्राहकाला उशिराची तारीख द्यायची. कामात कसलीच छाटणी न करता दिलेली बिनपगारी रजा मला फसवणूक वाटते.

कायद्याची बाजूही पाहावी लागते. कायद्याच्या व्याख्येत जे कामगार मोडतात, त्यांच्या वेतनाच्या अटी प्रतिकूल बदलायच्या तर 21 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि संघटनेशी करार असेल तर त्या वाटेने जावं लागतं. म्हणून सभेआधी एचआर आणि हिशोबनिसांना भेटून पीएफ, रजेची नोंद आणि पगारपत्रकावर काय दिसेल, हे ठरवून घ्यावं. ‘पीएफचं काय?’ या प्रश्नाला ‘बघून सांगतो’ असं उत्तर आलं की सभेतली निम्मी माणसं ऐकायची थांबतात.

हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवणारी कंपनी म्हणजे सेंट लुइसची बॅरी-वेमिलर. ती पॅकेजिंगची यंत्रं बनवते. 2009 च्या मंदीत तिच्या ऑर्डर अचानक आटल्या. प्रमुख बॉब चॅपमन यांनी नोकरकपात न करता प्रत्येकाला चार आठवड्यांची बिनपगारी रजा घ्यायला लावली. ती कधी घ्यायची, सलग की तुटक, हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं. स्वतःचा वार्षिक पगार त्यांनी 8,75,000 डॉलरवरून 10,500 डॉलरवर आणला. कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती खात्यात कंपनी भरत असलेला वाटाही थांबवला. मग लोकांनी आपणहून अदलाबदल सुरू केली. ज्यांना परवडत होतं त्यांनी चारापेक्षा जास्त आठवडे घेतले आणि ज्यांची अडचण होती त्यांचा भार हलका केला. ऑर्डर परतल्यावर कंपनीने निवृत्ती खात्याचा थांबवलेला वाटा मागच्या काळासकट भरून दिला. या शेवटच्या कृतीची चर्चा कमी होते, पण मला ती सर्वांत मोलाची वाटते. पुढच्या टंचाईत या व्यवस्थापनाचा शब्द लोक मानतील तो तिच्यामुळे.

अदलाबदल आपल्याकडेही चालू शकते, पण ती विभागप्रमुखाने सुचवू नये. साहेबांनी सुचवलेली मदत नाकारता येत नाही.

गाडी घसरतेय हे कसं ओळखायचं? कुरकुर ऐकू येते तोवर बरं आहे. चिंता तेव्हा वाटावी, जेव्हा नेहमी वाद घालणारा माणूस बैठकीत गप्प बसायला लागतो, शिल्लक अर्जित रजा पटापट संपवल्या जातात आणि अनुभवी माणसं अनुभव प्रमाणपत्राची चौकशी करू लागतात. आणखी एक जागा म्हणजे रिकाम्या खुर्च्या. भरती गोठलेली असताना एक जण सोडून गेला की त्याचं काम शेजारच्याकडे सरकतं आणि कुणी ते मोजत नाही. तीन महिन्यांनी तोही जातो. अशा वेळी गेलेल्या माणसाच्या कामांची यादी करून प्रत्येकापुढे नाव तरी लिहावं किंवा ‘बंद’ तरी लिहावं.

या उपायाला मर्यादा आहे. क्लीव्हलंडच्या लिंकन इलेक्ट्रिक या वेल्डिंग कंपनीने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीच्या मंदीत कामाचे तास कमी केले आणि सुमारे पन्नास कारखाना कामगारांना मशीन विकायला बाहेर पाठवलं, पण घरच्या कारखान्यातून मंदीपायी कुणाला काढलं नाही. त्याच कंपनीला 1990 च्या दशकात परदेशातले तोट्यातले कारखाने मात्र बंद करावे लागले. वाट्याने सोसून निभावते ती तात्पुरती टंचाई. ग्राहकाला तुमचं यंत्रच नको असेल, तर सहा महिन्यांची रजा फक्त सहा महिने पुढे ढकलते.

म्हणून पहिल्याच सभेत दोन तारखा सांगाव्यात: कपात संपण्याची, आणि तिसऱ्या महिन्याच्या शेवटी आढाव्याची. आढाव्याला कोणते आकडे पाहणार तेही तेव्हाच सांगावं. हातातल्या ऑर्डर आणि वसूल झालेली बिलं एवढे पुरेत. ऑर्डर वाढल्या असतील तर मधल्या आठ जणांची रजा आधी थांबेल, वरच्या चौघांची शेवटी. वाढल्या नसतील तर तेही त्याच खोलीत, त्याच माणसांना, पुढचे तीन महिने हातात असताना सांगावं, म्हणजे ज्याला दुसरी नोकरी शोधायची आहे त्याला ती शोधायला वेळ मिळेल.