पुण्याच्या बैठकीला जाता येत नसेल, तर मेसेज असा पाठवा



बैठक पुण्यात आणि त्याच दिवशी शेतावर तोडा, हे आपल्याकडे नेहमीचंच. अशा वेळी काही जण न कळवता गैरहजर राहतात, तर काही जण सकाळी दहाला फोन करून "लिंक पाठवता का?" म्हणतात. दोन्हीत आपलंच काम अडतं. आधी नीट विचारलं तर बहुतेक वेळा मार्ग निघतो.

*उदाहरण घेऊ.* नारायणगाव भागातला एक टोमॅटो उत्पादक. गुरुवारी सकाळी 11 वाजता गुलटेकडी मार्केट यार्डजवळ खरेदीदाराच्या ऑफिसात बैठक. विषय प्रतवारी आणि क्रेटचा हिशोब. त्याच दिवशी तोडा ठरलाय, मजूर आणि गाडी सांगून ठेवलीय. तोडा एक दिवस पुढे गेला तर माल लाल होतो आणि लांबच्या बाजाराला चालत नाही. त्याने मंगळवारी संध्याकाळीच हा मेसेज टाकला:

_नमस्कार सर. गुरुवारी 11 च्या बैठकीचा निरोप मिळाला. त्या दिवशी टोमॅटोचा तोडा आहे, गाडी ठरली आहे, त्यामुळे पुण्याला येणं जमणार नाही. मला फोनवरून व्हिडिओ कॉलने बैठकीत घेता येईल का? ते शक्य नसेल तर आमच्या गटातले सहकारी ____ यांना पाठवतो. प्रतवारीबद्दल ते बोलतील, क्रेटच्या हिशोबाचे कागद त्यांच्याकडे असतील. उद्या दुपारपर्यंत कळवलंत तर बरं होईल._

यात काय काय आहे ते बघा.

*1. मेसेज कोणाला?* ज्यांनी बैठक बोलावली त्यांनाच, वैयक्तिक. ग्रुपवर टाकला तर तो इतर मेसेजखाली जातो, आणि बाकीचेही "मलाही लिंक द्या" म्हणायला लागतात. निदान दोन दिवस आधी पाठवा, म्हणजे समोरच्याला कॉलची सोय करायला वेळ मिळतो.

*2. कारण एका ओळीत.* तोडा, फवारणी, घरातलं आजारपण, जे खरं असेल ते. पाच-सहा कारणं एकदम दिली की टाळाटाळ वाटते. "जरा अडचण आहे" एवढंच लिहिलं तर समोरच्याला ठरवता येत नाही.

*3. पर्याय आपणच द्या.* "नाही" म्हटलं तर काय, हे मेसेजमध्येच असू द्या. सहकाऱ्याचं नाव लिहा आणि तो काय बोलेल तेही लिहा. त्याला आदल्या दिवशी कागद द्या आणि स्पष्ट सांगा: कशाला हो म्हणायचं, कशासाठी "विचारून सांगतो" म्हणायचं. नुसता बसायला माणूस पाठवला तर विषय पुढच्या बैठकीवर जातो.

*4. उत्तर नीट वाचा.* "बघू" किंवा नुसता 👍 म्हणजे होकार नाही. लिंक आली किंवा "कॉल लावतो" असं लिहून आलं, तरच होकार धरा. ठरलेल्या वेळेपर्यंत उत्तर नाही आलं तर एकदा फोन करा. तरीही नक्की झालं नाही तर सहकाऱ्याला पाठवा.

होकार मिळाला तर बुधवारीच रानात रेंज कुठे येते ते बघून ठेवा. गुरुवारी पावणेअकराला तिथेच उभे राहा. कॉल तुटला तर कोणाला फोन करायचा तो नंबर आधी घ्या.

*इथे मात्र सहकारी चालत नाही* ⚠️

आपल्या कंपनीचे जे संचालक आहेत, त्यांनी संचालक मंडळाच्या बैठकीला आपल्या जागी दुसऱ्याला पाठवता येत नाही. मुलगा नाही, भाऊ नाही, गटातला माणूसही नाही. पण कंपनी कायदा 2013, कलम 173 प्रमाणे संचालकाला व्हिडिओ कॉलवरून बैठकीत भाग घेता येतो. त्यासाठी अध्यक्षांना किंवा कंपनी सचिवांना पुरेसं आधी कळवावं लागतं. तिथे वरच्याच मेसेजमधून सहकाऱ्याची ओळ काढून टाका, बाकी तसंच ठेवा.

आणि जिथे मूळ कागदांवर सही किंवा अंगठा द्यायचा आहे, तिथे व्हिडिओ कॉलने काम होत नाही. तिथे तोड्याची जबाबदारी घरच्यांवर देऊन स्वतःच जावं, किंवा बैठकीचा दिवसच बदलून मागावा.

हा मेसेज फोनमध्ये जपून ठेवा. पुढच्या वेळी नाव, दिवस आणि कारण बदललं की झालं.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी