शिक्का कोणाचा, बोजा कोणाचा

नवे शेअर घेऊन लोकांसमोर येणाऱ्या कंपनीला सगळ्यात मोठी धास्ती असते ती अर्ज कमी पडण्याची. सेबीच्या नियमानुसार, विक्रीला काढलेल्या नव्या शेअरांपैकी किमान ९० टक्क्यांचा भरणा व्हावा लागतो. तेवढा झाला नाही तर आलेले सगळे पैसे अर्जदारांना परत करायचे. म्हणजे ८० टक्के लोकांनी विश्वास दाखवला, तरी कंपनीच्या हाती काहीच लागत नाही. छपाई, जाहिराती, वकील आणि बँकांच्या फीचा खर्च मात्र झालेला असतो.

ही धास्ती पैसे घेऊन दुसऱ्याची आपल्या अंगावर घेणारा माणूस किंवा संस्था म्हणजे अंडररायटर. तो कंपनीला लिहून देतो की इतके शेअर खपवण्याची जबाबदारी माझी. लोकांनी घेतले नाहीत तर उरलेले मी घेईन. त्याबद्दल त्याला कमिशन मिळते. शेअरांच्या बाबतीत हे कमिशन विक्रीच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत देता येते आणि कंपनीच्या नियमावलीत त्याहून कमी दर लिहिला असेल तर तो लागू होतो. कमिशन मोजले जाते ते हमी घेतलेल्या सगळ्या शेअरांवर, शेवटी गळ्यात पडलेल्या शेअरांवर नव्हे. सगळे शेअर हातोहात खपले तरी अंडररायटरचे कमिशन बुडत नाही.

इथवर सगळे सोपे आहे. अंडररायटर एकच असेल तर उरले तेवढे त्याचे, हिशेब संपला. अंडररायटर तीन-चार असतात तेव्हा वादाला सुरुवात होते. तूट पडली तर ती कोणी किती भरायची? हमीच्या प्रमाणात वाटून टाका, हे उत्तर झटकन सुचते. पण ते अन्यायाचे आहे. एकाने गावोगावच्या दलालांकडून अर्ज गोळा केले आणि दुसरा हात बांधून बसला, तर दोघांना एकाच मापाने मोजणे बरोबर नाही.

यावरचा तोडगा शिक्क्याचा होता. १९७० आणि १९८०च्या दशकांत मुंबईच्या फोर्ट भागात शेअरांच्या अर्जांचे गठ्ठे फुटपाथवर मिळत. त्या अर्जांवर दलालाचा किंवा अंडररायटरचा शिक्का मारलेला असे. ज्याच्या शिक्क्याचा अर्ज आला, त्या अर्जातले शेअर त्याने खपवले असे धरायचे आणि त्याच्या जबाबदारीतून वजा करायचे. शिक्का नसलेले, म्हणजे थेट कंपनीकडे किंवा बँकेत आलेले अर्ज कोणा एकाचे नसतात. ते सगळ्यांमध्ये हमीच्या प्रमाणात वाटले जातात. अर्थात, चेक न वटल्यामुळे किंवा अर्ज अपुरा असल्यामुळे बाद झालेला कागद कितीही ठसठशीत शिक्क्याचा असला, तरी कोणाच्याच खात्यात धरता येत नाही.

तिसरी गोष्ट पक्क्या हमीची, बाजाराच्या बोलीत ‘फर्म अंडररायटिंग’. साध्या हमीत अंडररायटर म्हणतो, ‘उरले तर घेईन.’ पक्क्या हमीत तो म्हणतो, ‘इतके शेअर मी घेणारच, उरोत वा न उरोत.’ विक्रीला दुप्पट-तिप्पट अर्ज आले तरी त्याचा हा वाटा आधी बाजूला निघतो आणि बाकीचे शेअर लोकांत वाटले जातात. म्हणून पक्की हमी हे निव्वळ ओझे नसते. शेअर बाजारात चढ्या भावाने उघडणार असे ज्याला वाटते, त्याला ती हवीच असते. मात्र अर्ज कमी आले की याच पक्क्या शेअरांचे श्रेय कोणाला द्यायचे, हा प्रश्न उभा राहतो.

आकडे घेऊन पाहू. एका कंपनीने १० रुपयांचे १०,००,००० शेअर विक्रीला काढले. तीन अंडररायटरांनी पूर्ण विक्रीची हमी घेतली: थोरल्याने ५,००,००० शेअरांची, मधल्याने ३,००,००० आणि धाकट्याने २,००,००० शेअरांची. या हमीच्या आतच थोरल्याने २०,०००, मधल्याने ६०,००० आणि धाकट्याने २०,००० शेअर पक्के घेतले. हे पक्के १,००,००० शेअर सोडून लोकांचे अर्ज आले ७,००,००० शेअरांसाठी. त्यात थोरल्याच्या शिक्क्याचे २,५०,०००, मधल्याचे १,१०,०००, धाकट्याचे २,४०,००० आणि बिनशिक्क्याचे १,००,००० होते.

आधी बिनशिक्क्याचे १,००,००० पाच, तीन, दोन या प्रमाणात वाटू. थोरल्याची जबाबदारी ५०,०००ने, मधल्याची ३०,०००ने आणि धाकट्याची २०,०००ने उतरते. मग प्रत्येकाचे शिक्क्याचे अर्ज आणि त्याचे स्वतःचे पक्के शेअर वजा करू. थोरल्याकडे १,८०,००० उरतात, मधल्याकडे १,००,०००. धाकट्याचा आकडा मात्र शून्याच्याही खाली जातो. त्याने आपल्या वाट्यापेक्षा ८०,००० शेअर जास्त खपवलेले असतात.

हे जादा ८०,००० धाकट्याच्या उपयोगाचे नाहीत, कारण त्याची जबाबदारी शून्याखाली जाऊ शकत नाही. त्यांचा फायदा उरलेल्या दोघांना मिळतो आणि तोही त्यांच्या मूळ हमीच्या म्हणजे पाचास तीन या प्रमाणात. थोरल्याचे ५०,००० कमी होतात, मधल्याचे ३०,०००. आता थोरल्याला घ्यावे लागतात १,३०,००० आणि मधल्याला ७०,०००. यात प्रत्येकाचे पक्के शेअर परत मिळवायचे, कारण ते घ्यायचेच होते. मघाशी फक्त श्रेय म्हणून वजा केले होते. अखेरची जबाबदारी अशी येते: थोरला १,५०,०००, मधला १,३०,०००, धाकटा २०,०००. एकूण ३,००,०००.

ही बेरीजच हिशेबाची परीक्षा आहे. विक्रीला १०,००,००० होते, लोकांनी ७,००,००० मागितले, राहिले ३,००,०००. तिघांची बेरीज याच्याशी जुळली नाही तर कुठेतरी चूक आहे. बहुतेक वेळा ती एकाच जागी असते: एकूण अर्जांच्या आकड्यात पक्के शेअर आधीच धरलेले असतात आणि ते पुन्हा वजा होतात. म्हणून ‘अर्ज इतके आले’ हे वाक्य वाचले की पहिला प्रश्न विचारायचा तो पक्के शेअर त्यात आहेत का, हाच.

बेरीज जुळली तरी वाद संपत नाही. वरच्या हिशेबात प्रत्येकाच्या पक्क्या शेअरांचे श्रेय त्यालाच दिले, जणू ते त्याच्या शिक्क्याचेच अर्ज होते. पण करारात असेही लिहिलेले असू शकते की पक्के शेअर बिनशिक्क्याच्या अर्जांत मिळवायचे आणि सगळ्यांत वाटायचे. मग वाटायचे होतात २,००,०००. थोरल्याला १,००,०००चे श्रेय मिळते, मधल्याला ६०,०००चे आणि धाकट्याला ४०,०००चे. शिक्क्याचे अर्ज वजा केल्यावर थोरल्याकडे १,५०,००० उरतात आणि मधल्याकडे १,३०,०००. धाकटा पुन्हा ८०,०००ने पुढेच. ते जादा शेअर वाटले की दोघेही १,००,०००वर येतात. पक्के शेअर मिळवल्यावर थोरल्याची अखेरची जबाबदारी १,२०,००० होते, मधल्याची १,६०,०००. धाकटा जिथल्या तिथे, २०,०००वर.

बेरीज तीच, ३,००,०००. पण करारातल्या एका वाक्याने ३०,००० शेअर, म्हणजे ३ लाख रुपयांचा भरणा, थोरल्याच्या खांद्यावरून मधल्याच्या खांद्यावर गेला. आणि मधला कोण? तिघांत सर्वांत जास्त पक्की हमी देणारा. त्याने स्वतः ६०,००० शेअर घेतले, पण त्यांच्या श्रेयाचा निम्मा भाग थोरल्याने नेला. माझ्या मते पहिली रीतच न्याय्य आहे, कारण पैसे ज्याने घातले श्रेयही त्याचेच. पण दोन्ही रीती कायदेशीर आहेत, आणि भांडण उभे राहिल्यावर न्याय्य काय यापेक्षा करारात काय लिहिले आहे, यावरच निकाल लागतो.

पैशांत पाहायचे तर पहिल्या रीतीने थोरल्याला १५ लाख रुपये भरायचे आहेत. कमिशन २ टक्के ठरले असेल, तर ५,००,००० शेअरांच्या म्हणजे ५० लाखांच्या हमीवर त्याला १ लाख मिळतात. ते वळते करून घेतले तर तो १४ लाखांचा चेक देतो आणि बदल्यात त्याच्याकडे येतात लोकांना नको असलेले दीड लाख शेअर. पहिल्याच दिवशी भाव १० वरून ९ वर आला की १५ लाखांच्या मालावर दीड लाखाचा खड्डा पडतो आणि कमिशन कुठल्या कुठे जाते. कंपनीचे मात्र निभावते. लोकांचे ७,००,००० आणि पक्के १,००,००० मिळून ८० टक्केच होत होते, म्हणजे पैसे परत करायची वेळ आली असती. अंडररायटरांच्या आणखी २,००,०००नी भरणा पूर्ण झाला.

असे ओझे खरेच पडते, हे ऑक्टोबर १९८७ मध्ये लंडनने पाहिले. ब्रिटिश सरकारने ब्रिटिश पेट्रोलियममधला आपला उरलेला हिस्सा ३३० पेन्स भावाने विकायला काढला होता. भाव ठरल्यानंतर काही दिवसांतच जगभरचे बाजार कोसळले आणि शेअर ठरलेल्या भावाच्या बराच खाली गेला. लोक बाजारात स्वस्त मिळणारा शेअर महाग का घेतील? लंडनच्या अंडररायटरांनी रिवाजाप्रमाणे आपली जोखीम पुढे निवृत्ती निधी आणि विमा कंपन्यांत वाटली होती. विक्रीत सामील असलेल्या अमेरिकी संस्थांकडे तो रिवाज नव्हता, त्यामुळे त्यांच्या वाट्याचे शेअर त्यांच्याच गळ्यात राहिले. शेवटी बँक ऑफ इंग्लंडला ठरावीक किमतीने शेअर परत घेण्याची तयारी दाखवावी लागली.

आपल्याकडे १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत सार्वजनिक विक्रीला अंडररायटिंग सक्तीचे होते, नंतर ते ऐच्छिक झाले. सेबीच्या १९९३ च्या नियमांनी दोन लगाम घातले होते. अंडररायटरच्या एकूण हमीची रक्कम त्याच्या नक्त मालमत्तेच्या वीस पटींवर जाता कामा नये आणि कंपनीचे पत्र मिळाल्यापासून ४५ दिवसांत त्याने आपले शेअर घेतलेच पाहिजेत. बुक बिल्डिंगच्या मोठ्या विक्रीत आज अंडररायटिंगचा करार भाव ठरल्यावर, म्हणजे मागणी किती आहे हे कळल्यानंतर होतो. तिथे जोखीम नावापुरतीच उरते. खरी हमी लहान उद्योगांसाठीच्या एसएमई विक्रीत दिसते. तिथे १०० टक्के अंडररायटिंग बंधनकारक आहे आणि त्यातला किमान १५ टक्के भाग मर्चंट बँकरने स्वतःच्या खात्यावर घ्यावा लागतो. अशा विक्रीच्या प्रॉस्पेक्टसमध्ये अंडररायटरांची नावे आणि प्रत्येकाच्या हमीचे शेअर छापलेले असतात. मर्चंट बँकर १५ टक्क्यांवरच थांबला आहे की त्याहून बराच पुढे गेला आहे, हे त्या तक्त्यात एका नजरेत कळते.