दुसऱ्या पानावर त्याच जाहिराती पुन्हा

जुन्या दुचाकींच्या जाहिराती फोनवर चाळताना पहिल्या पानाच्या तळाशी पाहिलेली गाडी दुसऱ्या पानाच्या सुरुवातीला पुन्हा दिसते. विकणाऱ्याने जाहिरात दोनदा टाकली असेल, असं आपल्याला वाटतं. डेटाबेसमध्ये मात्र ती एकदाच असते. चूक असते ती पान मागण्याच्या पद्धतीत.

आपण दुसरं पान मागतो तेव्हा, पहिल्या पानावर आपण नेमकं काय पाहिलं होतं हे सर्व्हरच्या लक्षात नसतं. प्रत्येक पान ही त्याच्यासाठी नवी मागणी असते. ऑफसेट पद्धतीत ती अशी लिहितात:

```sql
SELECT * FROM ads
ORDER BY id DESC
LIMIT 10 OFFSET 10;
```

म्हणजे सगळ्या जाहिराती नव्याकडून जुन्याकडे लाव, पहिल्या दहा सोड आणि पुढच्या दहा दे. सोडायच्या दहा कोणत्या, हे इथे सांगितलेलंच नाही. फक्त किती सोडायच्या ते सांगितलं आहे, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

समजा, १ ते ३० क्रमांकांच्या जाहिराती आहेत. पहिल्या पानावर ३० ते २१ दिसल्या. त्या वाचून होईपर्यंत ३१, ३२ आणि ३३ या तीन नव्या आल्या. आता दुसरं पान मागितलं की सर्व्हर वरच्या दहा सोडतो, पण त्या दहा आता ३३ ते २४ आहेत. त्यामुळे दुसऱ्या पानावर २३ ते १४ येतात. २३, २२ आणि २१ आपण पुन्हा पाहतो. वर जितक्या नव्या नोंदी येतील, तितक्याच जुन्या नोंदींची पुनरावृत्ती होते.

मग नव्या नोंदींमुळे काही सुटतंही का? पुढे पुढे जाणाऱ्या वाचकाची जुनी नोंद सुटत नाही. ३१ ते ३३ मात्र त्याने मागे टाकलेल्या भागात आल्या आहेत, म्हणून त्या त्याला दिसणार नाहीत. पण शेवटच्या पानापासून मागे येणाऱ्याचं काय होतं ते पाहा. त्याने तिसऱ्या पानावर १० ते १ पाहिल्या. मग तीन नव्या आल्या आणि त्याने दुसरं पान उघडलं, तर त्याला २३ ते १४ मिळाल्या. १३, १२ आणि ११ तोवर तिसऱ्या पानावर सरकल्या, आणि ते पान तर त्याचं बघून झालं आहे. या तिघी त्याच्या नजरेस पडतच नाहीत.

नोंद कुठे घुसते, यावर सगळं अवलंबून आहे. यादी जुन्याकडून नव्याकडे लावली असेल तर नव्या नोंदी शेवटी जोडल्या जातात आणि आधीची पानं हलत नाहीत. यादी किमतीनुसार असेल तर नवी गाडी कुठेही बसू शकते. ती आपल्या पुढे बसली तर काही बिघडत नाही. आपण ओलांडलेल्या भागात बसली तर सीमा सरकते. नोंदी काढून टाकल्या की हेच उलटं घडतं. पहिलं पान वाचून झाल्यावर त्यातल्या दोन गाड्या विकल्या जाऊन यादीतून निघाल्या, तर २० आणि १९ वर सरकतात आणि दुसरं पान १८ पासून सुरू होतं.

पुनरावृत्ती निदान डोळ्यांना दिसते. सुटलेली नोंद दिसत नाही, म्हणून मला ती जास्त घातक वाटते, विशेषतः एखादी स्क्रिप्ट पानापानाने सगळा डेटा दुसरीकडे उतरवून घेत असेल तेव्हा. ओळखण्याचा एक साधा उपाय आहे. पुढचं पान एक नोंद आधीपासून, म्हणजे इथे ऑफसेट ९ ठेवून मागायचं. पहिली आलेली नोंद २१ नसेल, तर मधल्या काळात यादी सरकली आहे.

खरा इलाज म्हणजे किती सोडायच्या हे न सांगता कुठून पुढे द्यायचं ते सांगणं:

```sql
SELECT * FROM ads
WHERE id < 21
ORDER BY id DESC
LIMIT 10;
```

वर कितीही नव्या जाहिराती आल्या तरी उत्तर २० ते ११ हेच येतं. याला कीसेट पद्धत म्हणतात. किमतीनुसार लावायचं असेल तर किंमत आणि क्रमांक दोन्ही अटीत आणि क्रमातही हवेत, कारण एकाच किमतीच्या अनेक गाड्या असतात आणि सीमा त्यांच्या मधोमध पडू शकते.

या पद्धतीत थेट सदतिसाव्या पानावर उडी मारता येत नाही. वाचन सुरू असताना विकणाऱ्याने किंमत बदलली, तर ती गाडी सीमेच्या या बाजूची त्या बाजूला जाऊन पुन्हा दिसू शकते किंवा सुटू शकते. एका क्षणाची न हलणारी यादीच हवी असेल, तर पोस्टग्रेसमध्ये `REPEATABLE READ` पातळीचा एक व्यवहार उघडून सगळी पानं त्याच्या आतच वाचावी लागतात. रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टला ते जमतं. फोनवर सावकाश गाड्या बघणाऱ्या प्रत्येकासाठी असा व्यवहार उघडा ठेवणं परवडत नाही. त्याच्यासाठी कीसेटच बरी.