दाव्याची फाईल वाचताना – भाग 7 : रोजनाम्यातून दाव्याचा इतिहास

मागच्या आठवड्यात आपण दाव्याच्या कागदांवर पडणारे निशाणी क्रमांक पाहिले. आज त्याच फाइलीतला रोजनामा वाचू. महाराष्ट्रातल्या दिवाणी न्यायालयांत दाव्याच्या प्रत्येक तारखेला काय घडले याची नोंद रोजनाम्यात होते. कोण हजर, कोण गैरहजर, कोणता अर्ज आला, त्यावर काय हुकूम झाला आणि पुढची तारीख कशासाठी नेमली, एवढे त्यात असते. दावा दहा वर्षे चालला की अशा शंभरेक नोंदी साठतात. नवे वकील फाईल हातात घेतात, वरच्या न्यायालयात अपील जाते किंवा मुंबईत राहणारा हिस्सेदार "इतकी वर्षे नेमके काय झाले?" असे विचारतो, तेव्हा या नोंदींचा दोन पानी सारांश लागतो.

हा सारांश करताना लोक सहसा सगळ्या तारखा एकाखाली एक उतरवून काढतात. ती फक्त नक्कल झाली. दाव्याचा टप्पा कुठे बदलला आणि दोन टप्प्यांमधला वेळ कुठे गेला, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली तरच तो इतिहास होतो.

उदाहरणासाठी रायगड किनाऱ्यावरचा एक दावा घेऊ. तो या लेखासाठी रचलेला आहे, पण त्यातली वळणे अलिबाग, मुरूड किंवा श्रीवर्धनच्या न्यायालयात वावरणाऱ्या कोणालाही ओळखीची वाटतील. नागाव-रेवदंड्याच्या पट्ट्यातली वडिलोपार्जित नारळी-पोफळीची वाडी. वादी धाकटा भाऊ. प्रतिवादी क्र. 1 थोरला भाऊ, वाडी त्याच्याच वहिवाटीत. क्र. 2 मधला भाऊ. क्र. 3 बहीण, लग्नानंतर मुंबईत. मागणी वाटपाची, आणि दावा चालेपर्यंत वाडीचा कोणताही भाग विकू नये आणि नारळ उतरवू नयेत अशा मनाईची. रोजनाम्यातल्या काही नोंदी अशा :

14-6-2011 : वादी वकिलांसह हजर. दावा नि. 1, मनाई अर्ज नि. 5 दाखल. प्रतिवादींना समन्स व नोटीस काढावी.

19-3-2012 : प्र. 1 व 3 यांची कैफियत नाही. दावा त्यांच्याविरुद्ध विना कैफियत चालावा.

11-7-2012 : प्र. 1 चा अर्ज नि. 24 खर्चावर मंजूर. विना कैफियतीचा हुकूम रद्द. कैफियत नि. 27 दाखल.

20-11-2012 : नि. 5 अंशतः मंजूर.

15-12-2016 : प्र. 3 ता. 4-9-2016 रोजी मयत झाल्याची पुरसीस नि. 48. वारसांसाठी नेमले.

17-2-2017 : वादीतर्फे वारस अर्ज नि. 49. मंजूर. दुरुस्ती करावी.

दाव्याच्या एकूण 96 तारखा आहेत असे धरू. त्यांतल्या बहुतेकांवर "मुदत अर्ज मंजूर", "मा. न्यायाधीश रजेवर", "वेळेअभावी पुढे" असेच काहीतरी लिहिलेले असते.

आधी टप्पे, मग तारखा

पहिल्या वाचनात फक्त टप्पा बदलणाऱ्या नोंदींवर खूण करायची. दावा दाखल, समन्स बजावणी, कैफियत, नि. 5 चा निकाल, मुद्दे काढणे, वादीचा सरतपास आणि उलटतपास, वादीचा पुरावा बंद, प्रतिवादीचा पुरावा, युक्तिवाद, निकाल. मयत पक्षकार, दावा दुरुस्ती, कोर्ट कमिशनर, दावा गैरहजेरीत काढून टाकणे आणि पुन्हा नंबरावर घेणे या वळणांवरही खूण हवी. आपल्या 96 तारखांत अशा नोंदी 14 निघतात.

खूण केलेल्या प्रत्येक नोंदीसमोर तिचा निशाणी क्रमांक लिहायचा आणि तो मूळ कागद उघडायचा. "नि. 5 अंशतः मंजूर" यावरून कोणता अंश मंजूर झाला ते कळत नाही. विक्रीला मनाई मिळाली आणि नारळ उतरवायला मिळाली नाही, हे नि. 5 वरच्या हुकुमातच सापडते. कागद न पाहता केलेला सारांश अशाच ठिकाणी चुकतो.

इ-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर दाव्याचा इतिहास `Business on Date` आणि `Purpose of Hearing` अशा रकान्यांत दिसतो. क्रम लावायला तो सोयीचा आहे, पण जुन्या दाव्यांच्या संगणकीकरणाआधीच्या तारखा तिथे नसतात. दावा एका न्यायालयातून दुसऱ्याकडे वर्ग झाला असेल तर क्रमांकही बदललेला असतो. म्हणून स्क्रीनवरची पहिली तारीख ही दाव्याची पहिली तारीख समजू नये. दाखल तारीख नि. 1 वरून घ्यावी आणि जुन्या रोजनाम्याची नक्कल अर्ज देऊन काढावी. दावा 1981 च्या आधीचा असेल तर फाइलीवर जिल्ह्याचे नाव कुलाबा असेल.

वेळ कुठे गेला

दुसऱ्या वाचनात उरलेल्या 82 तारखा घ्यायच्या आणि प्रत्येकीसमोर ती कोणामुळे पुढे गेली ते लिहायचे. आपल्या दाव्यात वादीच्या मुदत अर्जांमुळे 17 आणि प्रतिवादींमुळे 26 तारखा गेल्या. रजा, बदली किंवा वेळ नसणे यांमुळे 22 गेल्या. उरलेल्या 17 तारखांवर "आर अँड पी नाही" एवढेच लिहिलेले आहे. नि. 5 च्या हुकुमाविरुद्ध प्र. 1 ने अलिबागच्या जिल्हा न्यायालयात किरकोळ दिवाणी अपील केले आणि मूळ फाईल तिकडे मागवली गेली. फाईल परत येईपर्यंत खालच्या न्यायालयात फक्त तारखा पडत राहिल्या.

नुसती संख्या पाहिली तर सर्वांत जास्त वेळ प्रतिवादींनी घेतला असे वाटेल. आता दोन तारखांमधले अंतर मोजा. "आर अँड पी नाही" या 17 तारखा जानेवारी 2013 ते ऑगस्ट 2015 अशा 31 महिन्यांवर पसरल्या आहेत. प्रतिवादींच्या 26 तारखांचे मिळून 20 महिने भरतात. म्हणजे तारखांची संख्या एक सांगते आणि महिने दुसरेच. सारांशात दोन्ही द्यावेत, पण विलंबाबद्दल बोलायचे तर महिने धरावेत.

मुदतीचे अर्ज मोजण्याला कायद्यातही आधार आहे. सुनावणीच्या काळात एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत, असे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 17 मध्ये आहे. कैफियतीसाठी समन्स बजावल्यापासून 30 दिवस आणि वाढवून जास्तीत जास्त 90 दिवस आहेत. मात्र साध्या दिवाणी दाव्यात ही 90 दिवसांची मर्यादा सक्तीची नाही, सबळ कारण असेल तर न्यायालय पुढेही कैफियत घेऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सांगितले. प्र. 1 ची कैफियत उशिरा येऊनही फाइलीवर टिकली ती यामुळे. सारांशात नुसते "कैफियत उशिरा" असे लिहू नये. बजावणीची तारीख, कैफियतीची तारीख आणि नि. 24 वरचा हुकूम अशा तिन्ही गोष्टी द्याव्यात.

मार्च 2020 पासूनच्या रिकाम्या जागा वेगळ्या काढाव्यात. करोनामुळे कामकाज थांबले आणि 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळावा, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने केला. त्यातच 3 जून 2020 ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळले. या महिन्यांचा विलंब कोणा पक्षकाराच्या नावावर लावता येत नाही.

एका ओळीत लपलेला धोका

आता 17-2-2017 ची नोंद पुन्हा वाचा. "वारस अर्ज नि. 49. मंजूर. दुरुस्ती करावी." वरवर सगळे सुरळीत आहे. पण इथे दिवस मोजावे लागतात.

पक्षकार मयत झाला की त्याचे वारस दाव्यात आणण्यासाठी मृत्यूच्या तारखेपासून 90 दिवस मिळतात. प्र. 3 चा मृत्यू 4-9-2016 चा, म्हणजे मुदत 3-12-2016 ला संपली. त्यानंतर मयत प्रतिवादीपुरता दावा आपोआप रद्दबातल होतो, त्यासाठी वेगळा हुकूम लागत नाही. हा परिणाम दूर करून घेण्याचा अर्ज पुढच्या 60 दिवसांत, म्हणजे 1-2-2017 पर्यंत, करता येतो. त्यानंतर विलंब माफीही मागावी लागते. पुरसीस आली तेव्हाच पहिली मुदत उलटून गेली होती आणि वारस अर्ज दुसरीही मुदत संपल्यावर आला.

म्हणून नि. 49 उघडायचा आणि त्यात नुसते वारस लावण्याची मागणी आहे की विलंब माफी आणि रद्दबातलपणा दूर करण्याचीही आहे, ते पाहायचे. वारस लावण्याच्या अर्जातच रद्दबातलपणा दूर करण्याची विनंती अंतर्भूत मानता येते, अशी उदार भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये घेतली आहे. तरीही अपिलात पहिला वार याच जागी होतो, कारण वाटपाच्या दाव्यात एकही हिस्सेदार बाहेर राहून चालत नाही. मयताचा एखादा वारस आधीपासूनच पक्षकार असेल तर चित्र बदलते. ज्या प्रतिवादीने कैफियतच दिली नाही, त्याचे वारस लावण्यापासून न्यायालय निकालापूर्वी वादीला सूट देऊ शकते. आपल्या दाव्यात 19-3-2012 चा विना कैफियतीचा हुकूम प्र. 1 ने रद्द करून घेतला, प्र. 3 ने नाही. 2012 ची ती कंटाळवाणी ओळ इथे उपयोगी पडली असती. मात्र तशी सूट मागितल्याची नोंद रोजनाम्यात नाही, आणि सारांशात तेही लिहायचे.

तयार सारांश

एवढे झाले की सारांश मोजक्या वाक्यांत बसतो :

"14-6-2011 रोजी वाटप व मनाईचा दावा दाखल. प्र. 1 ची कैफियत 11-7-2012 रोजी खर्चावर घेतली, प्र. 3 विना कैफियत. नि. 5 ता. 20-11-2012 रोजी अंशतः मंजूर. त्यावरील अपिलामुळे फाईल जाने. 2013 ते ऑगस्ट 2015 जिल्हा न्यायालयात. सप्टें. 2015 मध्ये मुद्दे काढले. प्र. 3 चा मृत्यू 4-9-2016, वारस अर्ज 17-2-2017 रोजी, 166 व्या दिवशी, मंजूर (हुकूम नि. 49 वर पाहावा). प्राथमिक हुकूमनामा 8-4-2022."

शेवटचे वाक्य "दावा निकाली" असे लिहू नका. वाटपात प्राथमिक हुकूमनाम्याने फक्त हिस्से ठरतात. शेतसारा लागणाऱ्या जमिनीचे सरसनिरस वाटप संहितेच्या कलम 54 नुसार जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेले अधिकारी करतात. त्यासाठी दरखास्त होते, तिला वेगळा क्रमांक पडतो आणि वेगळा रोजनामा सुरू होतो.

रोजनामा काय सांगत नाही, तेही लक्षात ठेवावे. वकिलांनी कोणता युक्तिवाद केला किंवा साक्षीदार कुठे अडखळला, हे त्यात नसते. मुदत मागण्यामागचा हेतूही नसतो. "प्रतिवादींनी जाणूनबुजून दावा लांबवला" हे वाक्य सारांशात येता कामा नये. "प्रतिवादींच्या अर्जांवर 26 तारखा, मिळून 20 महिने" एवढेच लिहावे. त्यातून काय घ्यायचे ते न्यायालय ठरवील.

पुढच्या आठवड्यात : नि. 5 वरचा हुकूम कसा वाचावा.