एकाच कारखान्याचे दोन नफे

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतली एखादी मध्यम आकाराची फाउंड्री डोळ्यांसमोर आणा. ट्रॅक्टर आणि इंजिनांसाठी ती लोखंडाचे ओतीव भाग करते. मार्च संपला, वर्षाचे हिशेब झाले. कॉस्टिंग पाहणाऱ्या माणसाने मालकांना सांगितलं, यंदा नफा ६२ लाख. आठवड्याभराने सीएंकडून नफातोटा पत्रक आलं, त्यात करापूर्वीचा नफा ३२ लाख. कारखाना तोच, वर्ष तेच, विकलेला मालही तोच. मालकांच्या मनात पहिली शंका येते ती कुणीतरी चुकल्याची किंवा काहीतरी दडवल्याची. बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण असे फरक खऱ्या कारखान्यांत याच जागी सापडतात.)

दोन हिशेबांची कामंच वेगळी असतात. वित्तीय हिशेब वर्षभरात कंपनीचं प्रत्यक्ष काय झालं ते सांगतो, म्हणून त्यात बँकेचं व्याज येतं, विकलेल्या जुन्या यंत्रावरचा तोटा येतो, मुदत ठेवीचं उत्पन्नही येतं. कॉस्टिंगला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: एक किलो माल तयार करून विकायला किती खर्च येतो? ग्राहकाला दर द्यायचा तो या उत्तरावर. मग हा खर्च वर्ष संपेपर्यंत थांबून मोजता येत नाही, काही भाग आधीच ठरवलेल्या दराने आकारावा लागतो. आपल्या उदाहरणातला सगळ्यात मोठा फरक तिथेच तयार झाला आहे.

या फाउंड्रीत कच्चं लोखंड, भंगार, वितळवण्याची वीज आणि साचेकामाची मजुरी थेट मालावर चढवली जाते. उरतात ते कारखान्याचे सामाईक खर्च, म्हणजे ओव्हरहेड: सुपरवायझरांचे पगार, वाळूच्या प्लांटची देखभाल, शेडचा खर्च, यंत्रांचा घसारा. वर्षाच्या सुरुवातीला अंदाज बांधला की हे सगळं मिळून २ कोटी ८८ लाख होईल आणि २,४०० टन चांगला माल निघेल. म्हणजे टनाला १२,००० रुपये, किलोला १२. वर्षभर प्रत्येक किलोवर हे १२ रुपये चढवले गेले.

प्रत्यक्षात माल निघाला २,२०० टन, म्हणजे ओव्हरहेड आकारला गेला २ कोटी ६४ लाख. प्रत्यक्ष खर्च झाला २ कोटी ७९ लाख. मधले १५ लाख खर्च तर झाले, पण कुठल्याच मालावर चढले नाहीत. कॉस्टिंगच्या नफ्याला त्यांची झळ लागली नाही, वित्तीय हिशेबाने मात्र ते नफ्यातून वजा केले. मेळाची पहिली ओळ ही: ६२ मधून १५ गेले, राहिले ४७ लाख.

या ओळीवर जरा थांबायला हवं. मालकांना वाटतं, खर्च आवरला नाही म्हणून १५ लाखांचा खड्डा पडला. उलट आहे. खर्च अंदाजापेक्षा ९ लाखांनी कमीच झाला. पण २०० टन माल कमी निघाल्यामुळे टनाला १२,००० च्या हिशेबाने २४ लाख वसूल व्हायचे राहिले. २४ मधून ९ गेले की १५ उरतात. दोष उधळपट्टीचा नाही, रिकाम्या राहिलेल्या भट्टीचा आहे. आणि याचा दरावर थेट परिणाम होतो: प्रत्यक्ष ओव्हरहेड किलोला सुमारे १२ रुपये ६८ पैसे पडला, ग्राहकांना दर मात्र १२ धरून दिले गेले. उत्पादन अंदाजापेक्षा जास्त झालं असतं तर हीच ओळ उलटी झाली असती. जादा आकारलेला ओव्हरहेड मग नफ्यात मिळवावा लागला असता.

पुढचा फरक घसाऱ्याचा. कॉस्टिंगने यंत्रं जितके तास चालली त्यावर घसारा मोजला, तो २२ लाख झाला. वित्तीय हिशेबात तो यंत्राच्या ठरावीक आयुर्मानावर वर्षाला सारखाच लागतो, तो २६ लाख. म्हणून आणखी ४ लाख वजा, राहिले ४३.

इथेच एक चूक फार वेळा होते. २ कोटी ७९ लाखांच्या ओव्हरहेडमध्ये कॉस्टिंगचा २२ लाखांचा घसारा धरलेला आहे. वित्तीय हिशेबातला कारखाना खर्च घेतला तर तो २६ लाखांच्या घसाऱ्यासह २ कोटी ८३ लाख दिसेल. एखाद्याने आकारलेले २ कोटी ६४ लाख या २ कोटी ८३ लाखांशी ताडून पाहिले तर फरक १९ लाख येतो आणि त्यात घसाऱ्याचे ४ लाख आधीच बसलेले असतात. पुढच्या ओळीत ते पुन्हा वजा केले की उत्तर ३२ ऐवजी २८ येतं. म्हणून पहिली ओळ नेहमी कॉस्टिंगच्याच खात्यातल्या प्रत्यक्ष खर्चावरून काढावी.

आता साठा. वित्तीय हिशेबात शिल्लक माल खर्चाने किंवा विक्रीतून मिळू शकणाऱ्या निव्वळ किमतीने, यांतली जी कमी असेल तिने मांडतात. आपल्याकडचं लेखामानक २ तेच सांगतं. कॉस्टिंग तो खर्चाच्या किमतीनेच ठेवतं. आपल्या फाउंड्रीत एका ट्रॅक्टर मॉडेलची ऑर्डर अर्ध्यावर बंद झाली आणि तयार भाग पडून राहिले. कॉस्टिंगमध्ये अखेरचा साठा ४७ लाख, वित्तीय हिशेबात ४३ लाख ५० हजार. अखेरचा साठा जितका जास्त दाखवाल तितका नफा जास्त दिसतो, त्यामुळे कॉस्टिंगचा नफा इथे साडेतीन लाखांनी फुगलेला आहे. ते वजा करायचे.

सुरुवातीच्या साठ्याची गोष्ट उलटी असते. गेल्या वर्षीही काही माल वित्तीय हिशेबात कमी किमतीने मांडला होता, ३६ लाखांना. कॉस्टिंगमध्ये तोच ३८ लाखांचा होता. यंदा तो विकला गेला तेव्हा कॉस्टिंगच्या खर्चात २ लाख जास्त पडले, म्हणून ते मिळवायचे. वजा साडेतीन, अधिक दोन, राहिले साडेएकेचाळीस लाख. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. साठ्याचा फरक एका वर्षी वजा झाला की पुढच्या वर्षी मिळवला जातो. गेल्या वर्षीच्या मेळातला अखेरच्या साठ्याचा फरक यंदाच्या सुरुवातीच्या साठ्याला जसाच्या तसा यायला हवा. येत नसेल तर मधे कुणीतरी आकड्याला हात लावला आहे.

यानंतरच्या ओळी सोप्या आहेत. तयार मालाचं गोदाम मालकीचं आहे, भाडं कुणालाच द्यावं लागत नाही. तरी भाडं भरणाऱ्या कारखान्यांशी तुलना नीट व्हावी म्हणून कॉस्टिंगने विक्री खर्चात ३ लाखांचं मानीव भाडं धरलं. पैसा बाहेर गेलाच नाही, वित्तीय हिशेबात तो नाही, म्हणून ३ लाख मिळवले: ४४ लाख ५० हजार. कर्जावरचं व्याज ९ लाख या कॉस्टिंगने धरलंच नव्हतं, ते वजा: ३५ लाख ५० हजार. जुनी भट्टी विकताना झालेला दीड लाखाचा तोटा वजा: ३४.

मग एक अपघात. इंडक्शन भट्टीचं अस्तर फुटलं, वितळलेलं लोखंड कॉइलपर्यंत पोचलं आणि ४ लाखांचं नुकसान झालं. असं असाधारण नुकसान कॉस्टिंग मालाच्या खर्चात घेत नाही आणि ते योग्यच आहे, कारण एका रात्रीच्या अपघातासाठी वर्षभराच्या ग्राहकाला जास्त दर सांगून चालत नाही. (हे ४ लाख वरच्या २ कोटी ७९ लाखांत धरलेले नाहीत.) ते वजा केले की ३० लाख. शेवटी मुदत ठेवीचं व्याज आणि एका खोलीचं आलेलं भाडं मिळून २ लाख, जे फक्त वित्तीय हिशेबात आहेत. ते मिळवले आणि ३२ लाख आले. मेळ बसला.

आपण दोन्हीकडे करापूर्वीचा नफा घेतला. करानंतरचा नफा घेतला असता तर आयकराची तरतूद ही आणखी एक ओळ झाली असती, कारण ती कॉस्टिंगमध्ये कधीच नसते. देणग्या, दंड आणि गुंतवणुकीच्या विक्रीवरचा नफातोटाही याच जातीचे.

अधिक करायचं की वजा, यात भलेभले अडखळतात. प्रत्येक बाबीला एकच प्रश्न विचारावा: हिच्यामुळे कॉस्टिंगचा नफा जास्त दिसतो आहे का? जास्त दिसत असेल तर वजा, कमी दिसत असेल तर मिळवणी. वित्तीय नफ्यापासून सुरुवात केली तर सगळी चिन्हं उलटतात. मेळ चुकला तर उरलेला फरक बारकाईने पाहावा. तो यादीतल्या एखाद्या आकड्याइतकाच असेल तर ती बाब सुटली आहे किंवा दोनदा धरली आहे. दुप्पट असेल तर चिन्ह चुकलं आहे: अखेरच्या साठ्याचे साडेतीन लाख वजा करण्याऐवजी मिळवले तर उत्तर ३९ येतं, बरोबर ७ लाखांनी जास्त.

हल्ली बऱ्याच कारखान्यांत दोन्ही हिशेब एकाच संगणक प्रणालीत, एकाच खातेवहीत असतात. तिथे वेगळा मेळ लागत नाही असं पुस्तकं म्हणतात. पण मानीव भाडं, ठरीव दराने आकारलेला ओव्हरहेड, वगळलेली असाधारण नुकसानं यांचे फरक तिथेही राहतात, फक्त ते प्रणालीच्या पोटात जातात. कायद्यानेही हा मेळ सोडलेला नाही. २०१४ च्या परिव्यय नोंदी आणि लेखापरीक्षण नियमांनुसार साखर, औषधं, खतं, वीज अशा क्षेत्रांतल्या ठरावीक उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना कॉस्ट ऑडिट करावं लागतं आणि त्या अहवालाच्या सीआरए-३ नमुन्यात संपूर्ण कंपनीच्या नफ्याच्या मेळाचा स्वतंत्र तक्ता असतो. मध्यम फाउंड्रीला हे बंधन बहुधा लागू होत नाही. तिला मेळ हवा तो स्वतःच्या दरांसाठी.

छोटा कारखाना चालवत असाल आणि कॉस्टिंग ठेवत असाल तर दरवर्षी नफातोटा पत्रकासोबत हा मेळही मागा. त्यात तळाशी ‘इतर फरक’ अशी ओळ असेल तर ती तशीच स्वीकारू नका, बहुतेकदा तो न सापडलेला फरक झाकण्यासाठी टाकलेला आकडा असतो. आणि ओव्हरहेडच्या ओळीत कमी आकारणी लागोपाठ दोन वर्षं दिसली, तर तिसऱ्या वर्षाचे दर ग्राहकाला देण्याआधी २,४०० टनांचा तो अंदाज बदला.